बाळाच्या तोंडातला थ्रश: ड्रॉप्स, जेल आणि दुधाची वेळ, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मेडिकलच्या काउंटरवर उभी राहून मला १४ वर्षं झाली. बाळाच्या तोंडातल्या पांढऱ्या बुरशीसाठी औषध न्यायला रोज कोणी ना कोणी येतंच, कधी आई, कधी आज्जी, कधी ड्युटीवरनं तसाच आलेला बाप. चिठ्ठीवर औषधाचं नाव असतं, किती वेळा ते पण असतं, पण दूध पाजायच्या आधी की नंतर आणि कधी थांबायचं हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, आणि औषध वाया जातं ते नेमकं इथंच. म्हणून लोकं विचारतात तेच प्रश्न, जसे विचारतात तसे, लिहून काढले. डोस तुमच्या बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलेलाच द्यायचा, इथले आकडे समजून घ्यायला आहेत.

जिभेवर पांढरं दिसतंय, हे दूधच असेल ना?

बऱ्याचदा दूधच असतं. स्वच्छ ओल्या सुती कापडानं हलक्या हातानं पुसून बघा, दूध असलं तर लगेच निघतं आणि ते फक्त जिभेवरच असतं. थ्रश असला तर गालाच्या आतल्या बाजूला, हिरड्यांवर, टाळूवर पण दह्याच्या कणांसारखे ठिपके दिसतात आणि ते पुसून सहज निघत नाहीत. जोर लावून काढलं तर खाली लाल होतं, कधी रक्ताचा टिपूस येतो. म्हणून एकदा हलकं पुसून बघायचं आणि सोडून द्यायचं, खरवडायचं नाही. गाल बघायला बाळ रडताना मोबाईलचा टॉर्च धरला की दोन सेकंदात कळतं.

ही बुरशी कॅन्डिडा नावाची. ती आपल्या सगळ्यांच्या अंगावर असतेच, बाळाला जन्माच्या वेळी आईकडनं मिळते, आणि पहिल्या काही महिन्यांत प्रतिकारशक्ती कच्ची असते म्हणून तोंडात वाढते. बाळाला किंवा आईला अँटीबायोटिक झाली असली तर जास्त. आईनं पथ्य पाळलं नाही म्हणून झालं असं काही नसतं हो, सासूबाईंनी सुनेला तसं बोललेलं मी काउंटरवर ऐकलंय आणि मला ते फार लागलं होतं.

ड्रॉप्स, जेल आणि माउथ पेंट, तिन्ही एकच का?

नाही. ड्रॉप्स म्हणजे बहुतेक वेळा निस्टॅटिन, पिवळसर पातळ औषध, साधारण १ मिलीत १ लाख युनिट असतं. जेल म्हणजे मायकोनॅझोल, घट्ट आणि चिकट. माउथ पेंट म्हणजे क्लोट्रिमॅझोल, ग्लिसरीनसारखं जाडसर, आपल्याकडं हे पण बरंच लिहून दिलं जातं.

एक गोष्ट तिन्हींत सारखी आहे आणि खालची सगळी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. ही औषधं तोंडाच्या आतल्या कातडीला चिकटून काम करतात. निस्टॅटिन तर पोटातनं रक्तात जवळजवळ जातच नाही, बुरशीला ते जिथं शिवलं तिथंच तिच्या कवचाला भोकं पाडतं, आणि जिथं शिवलं नाही तिथं काहीच करत नाही. तापाचं औषध गिळलं की काम झालं, इथं गिळलं की काम संपलं. म्हणून डोस किती यापेक्षा तो डोस तोंडात किती वेळ राहिला हे जास्त महत्त्वाचं.

आणि एक सावध करते, नुसतं "तोंड आलंय, जेल द्या" म्हणून चिठ्ठीशिवाय मागू नका. मोठ्यांना तोंड आल्यावर लावायचं जे दुखणं मारणारं जेल असतं त्यात बहुतेक सॅलिसिलेट असतं, ते लहान मुलांसाठी नाही आणि बुरशीवर त्याचा उपयोगही नाही. ट्यूब सारख्याच दिसतात.

दुधाआधी द्यायचं की दुधानंतर?

दुधानंतर. आधी दिलं की पाठोपाठ येणाऱ्या दुधानं सगळं धुऊन पोटात जातं, आणि चार दिवसांनी तुम्ही म्हणता औषध लागू पडत नाही.

पूर्ण पाजा, खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या म्हणजे उलटी होणार नाही, मग औषध द्या. त्यानंतर निदान ५ ते १० मिनिटं काही पाजायचं नाही, जमलं तर अर्धा तास थांबा. पाणी पण नको, सहा महिन्यांखालच्या बाळाला तसंही वरचं पाणी द्यायचं नसतंच.

आया म्हणतात, अहो ते दर दोन तासाला पितंय, दिवसात दहा वेळा, मग चार डोस कुठं बसवू? सगळ्या फीडला द्यायचंच नाही. दिवसातली चार फीड निवडायची, ज्यानंतर बाळ शांत असतं किंवा झोपायला आलेलं असतं. उदाहरणार्थ सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ५ आणि रात्री १० च्या आसपासची. मिनिटाला मिनिट जुळवायची गरज नाही. मधल्या फीडला नेहमीसारखं पाजा. रात्रीचा डोस मला सगळ्यात भारी वाटतो, कारण झोपेत लाळ कमी गिळली जाते आणि औषध जास्त वेळ टिकतं, पण अर्धवट झोपलेल्या बाळाच्या तोंडात ओतायचं नाही, जागं असतानाच द्यायचं, मग झोपवायचं.

ड्रॉप्सचा डोस किती आणि नेमकं कसं द्यायचं?

निस्टॅटिन बऱ्याच ठिकाणी लहान बाळाला १ मिली दिवसातनं ४ वेळा असं दिलं जातं, काही ठिकाणी २ मिली ४ वेळा, म्हणजे प्रत्येक गालात १ मिली. वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला १ मिलीच. दोन्ही बरोबर आहेत, तुमच्या डॉक्टरांनी जे लिहिलंय ते धरा, शेजारणीच्या बाळाचा डोस धरू नका.

बाटली नीट हलवा, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस फिके आणि शेवटचे कडक होतात. १ मिली लिहिलं असलं तर अर्धा मिली उजव्या गालात, अर्धा मिली डाव्या गालात, हिरडी आणि गालाच्या मधल्या खाचेत. जिभेच्या मधोमध टाकलं तर बाळ एका घोटात गिळून मोकळं होतं. बाळाला डोकं जरा वर राहील असं मांडीवर घ्या, थोडं थोडं सोडा, घशाकडं पिचकारी मारायची नाही. मग हात धुतलेल्या बोटाला कापड गुंडाळून किंवा स्वच्छ बोटानंच ते गालावर, हिरड्यांवर, टाळूवर जरा फिरवा, जिथं जिथं पांढरं दिसतं तिथं.

मोजायला बाटलीसोबतचा ड्रॉपर किंवा आमच्याकडं मिळणारी बिनसुईची मिलीची सिरिंज घ्या, तिचं छोटं टोपण आधी काढून लांब टाका, ते बाळाच्या घशात अडकू शकतं. घरातला चमचा नको, एकाचा चमचा दुसऱ्याच्या दीडपट असतो. आणि इन्सुलिनची सिरिंज मुळीच नको. तिच्यावर "युनिट" लिहिलेले असतात आणि आपल्या औषधाच्या बाटलीवर पण "युनिट" असतात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. इन्सुलिनची लाल टोपणाची ४० युनिटवाली सिरिंज पूर्ण भरली तरच १ मिली होतं. एक आजोबा घरात शुगरची सिरिंज आहेच म्हणून "१ लाख युनिट कुठं दिसंना" असं विचारत परत आले होते, बरं झालं विचारायला आले.

जेल लिहून दिलंय, बाळ तीन महिन्यांचं आहे, चालेल का?

इथं थांबा आणि डॉक्टरांना पुन्हा विचारा. मायकोनॅझोलचं जेल ४ महिन्यांच्या आत सहसा देत नाहीत, वेळेआधी जन्मलेल्या बाळाला तर ५-६ महिन्यांपर्यंत. कारण औषध वाईट आहे असं नाही, पण ते घट्ट असतं आणि इतक्या लहान बाळाला गिळायचा ताळ नीट बसलेला नसतो, गोळा घशात जाऊन श्वास अडकू शकतो.

४ महिन्यांच्या पुढं आणि २ वर्षांपर्यंत नेहमीचा डोस १.२५ मिली, दिवसातनं ४ वेळा, दूध किंवा खाऊ झाल्यावर. पण हा डोस चमच्यानं एकदम तोंडात कधीच घालायचा नाही. मोजून घ्या, स्वच्छ बोटावर वाटाण्याहून लहान असा थोडासा घ्या आणि तोंडाच्या पुढच्या बाजूला, गालांच्या आत, हिरड्यांवर लावा. तेवढं पसरलं, बाळानं जिभेनं चाटलं, की पुढचा थोडासा. दोन-तीन मिनिटं लागतात, घाई नको. घशाच्या मागच्या भागापर्यंत बोट न्यायचं नाही. लावल्यावर बाळाला नीट खोकता किंवा रडता येईना, रंग बदलला, श्वासाला आवाज आला तर लगेच पालथं धरून पाठीवर खांद्यांच्या मध्ये जोरात थापट्या द्या आणि दवाखान्याकडं पळा.

आईच्या बोंडावर जेल लावून बाळाला पाजायचं, म्हणजे एका दगडात दोन पक्षी, ही युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. तसं केल्यानं गोळा एकदम तोंडात जातो, भीती तीच.

आणखी एक, बाळाला फिटचं औषध किंवा दुसरं काही रोजचं औषध चालू असलं तर जेल सुरू करायच्या आधी सांगा. मायकोनॅझोल थोडंसं पोटातनं अंगात जातं आणि काही औषधांची रक्तातली मात्रा वाढवतं. माउथ पेंटलाही बोटानं पातळ थर लावायची हीच पद्धत, थेंब किती ते चिठ्ठीवरचे.

पांढरं गेलं, आता बंद करू ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि थ्रश परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण पण हेच. डोळ्याला दिसत नाही तेव्हा सुद्धा बुरशी थोडी शिल्लक असते. निस्टॅटिन पांढरं पूर्ण गेल्यानंतर आणखी ४८ तास, म्हणजे पूर्ण दोन दिवस द्यायचं, आणि एकूण साधारण आठवडा होतो. मायकोनॅझोल जेल मात्र पांढरं गेल्यावर आणखी ७ दिवस. दोघांचा हिशोब वेगळा आहे, आणि ज्या दिवशी तोंड स्वच्छ दिसलं ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा म्हणजे हिशोब चुकत नाही.

एक उदाहरण सांगते, नाव नको, आमच्या शाहूपुरीकडच्या एका घरातलं. सिझर झालं म्हणून आई माहेरी, बाळ सहा आठवड्यांचं, आईला अँटीबायोटिक झाली होती. बाळ अंगावर पितापिता सोडून रडायचं, आज्जीला वाटलं दूध कमी पडतंय म्हणून बोंडल्यानं वरचं दूध पण सुरू केलं. डॉक्टरांनी गाल बघून निस्टॅटिन लिहून दिलं, १ मिली ४ वेळा. पहिल्या वेळी त्या माउलीनं दूध पाजायच्या आधीच दिलं, जिभेवर. पाच दिवसात जीभ स्वच्छ वाटली, बंद केलं. गालाच्या मागच्या खाचेत मात्र राहिलं होतं, आठवड्याभरात सगळं परत.

डॉक्टरांकडनं पुन्हा चिठ्ठी घेऊन आल्या तेव्हा आम्ही काउंटरवरच कागदावर चार फीड लिहिली. दुधानंतर, दोन्ही गालात अर्धा अर्धा, मग अर्धा तास काही नाही. तिसऱ्या दिवशी ठिपके विरळ झाले, सहाव्या दिवशी टॉर्चनं बघितलं तर काही नव्हतं. सहावा दिवस धरून पुढचे दोन, म्हणजे आठव्या दिवसापर्यंत दिलं. रोज ४ मिली प्रमाणे आठ दिवसांना ३२ मिली लागलं, म्हणून तुमच्या बाटलीत किती आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा, रविवारी संध्याकाळी औषध संपलं आणि दोन डोस चुकले असं होऊ देऊ नका. त्या बाळाचं त्याच वेळी आणखी एक केलं होतं, ते पुढच्या उत्तरात.

आईला पण औषध लागतं का?

अंगावर पाजत असाल आणि बोंडं दुखत असतील, चकचकीत लाल, खाज, पाजताना आणि पाजल्यावरही टोचल्यासारखं आतनं दुखणं, तर दोघांचं एकाच वेळी करावं लागतं. नाहीतर बाळाच्या तोंडातनं आईला आणि आईकडनं बाळाला अशी ती फिरतच राहते. शाहूपुरीच्या त्या घरात हेच झालं होतं, आईनं बोंडं दुखतात हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, लाजून. डॉक्टर त्यासाठी मायकोनॅझोलची क्रीम देतात, ती पाजून झाल्यावर पातळ लावायची आणि पुढच्या फीडआधी दिसेल तेवढी हलकेच पुसून घ्यायची. पाजणं बंद करायची गरज नाही. मात्र सगळ्या दुखण्याला बुरशीच कारण नसतं, बाळानं नीट तोंडात न धरल्यानंही तसंच दुखतं, म्हणून दाखवून घ्या.

बोंडलं, बाटली, चोखणी यांचं काय?

चिकटपणा निघेपर्यंत धुवा आणि रोज पाण्यात १० मिनिटं उकळा. बोंडल्याची चोच आतनं ब्रशनं घासा, तिथं दूध साचतं. चोखणी शक्य असेल तर त्या आठवड्यात बंदच ठेवा. बाळ तोंडात घालतं ती खेळणी गरम साबणाच्या पाण्यानं. ड्रॉपर बाळाच्या तोंडाला लागला असेल तर तसाच बाटलीत घालू नका, धुऊन कोरडा करून मगच.

आज्जी म्हणते टाकणखार आणि मध लाव.

आज्जीच्या मायेवर शंका नाही, आमच्या घरात पण माझ्या आईच्या वेळी हेच लावलं जायचं. पण या दोन्ही गोष्टी बाळाला देऊ नका. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, ते अंगात साठतं आणि लहान बाळांना त्यानं फिट आल्याच्या नोंदी आहेत. मध एक वर्षाच्या आत नाही, त्यात एका जंतूचे बी असू शकतात आणि त्यानं बाळ लुळं पडतं, बॉट्युलिझम म्हणतात त्याला. शुद्ध गावरान असला तरी नाही, उलट शुद्धतेनं त्यात काही फरक पडत नाही. आज्जीला सांगताना "चुकलं तुमचं" असं न सांगता "डॉक्टरांनी नको म्हटलंय" एवढंच सांगा, घरातलं वातावरण राहतं.

जांभळं औषध, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट, पूर्वी सगळीकडं लावायचे. जास्त कडक किंवा जास्त वेळा लागलं तर तोंडात जखम होते, म्हणून घरात उरलेली जुनी बाटली काढून स्वतःच्या मनानं लावू नका.

डोस चुकला, किंवा उलटी झाली?

चुकला तर आठवेल तेव्हा, पुढच्या दुधानंतर द्या, पुढचा डोस जवळ असला तर सोडून द्या, दुप्पट करू नका. बाळानं लगेचच सगळं थुंकलं तर थोडं थांबून तेवढा डोस परत दिला तरी चालतं. पण अर्ध्या तासानं दुधाची गुळणी आली तर काळजी नको, औषधानं तोंडात आपलं काम केलेलं असतं. गिळलेल्या निस्टॅटिननं क्वचित पातळ शी किंवा मळमळ होते, जास्त झाली तर कळवा.

दीड महिन्याची लस आली आहे, पुढं ढकलू का?

साध्या थ्रशसाठी नाही. फक्त तिथल्या सिस्टरला सांगा की औषध चालू आहे.

शी-शूच्या जागी पण लाल आलंय.

बाळ गिळतं तसं ती बुरशी खालपर्यंत जाते. ठसठशीत लाल, आणि कडेला सुटे सुटे लाल ठिपके असले तर तीच असण्याची शक्यता जास्त. तोंडाचं जेल तिकडं लावायचं नाही, वेगळी क्रीम लागते. जागा कोरडी ठेवा, लंगोट लवकर बदला.

दवाखान्यात कधी दाखवायचं?

औषध बरोबर वेळेला देऊन ७ दिवसांत फरक नसला तर. दोन-तीनदा परत परत येत असला तर, किंवा बाळ वर्षाच्या आसपास आलंय आणि अँटीबायोटिक, इनहेलर काहीच नसताना तोंड भरून आलंय तर पण दाखवा, मग प्रतिकारशक्तीची तपासणी करायला लागू शकते. दम्याचा स्टेरॉइडचा पंप असेल तर पंपानंतर तोंड पुसून घेतात का ते पण डॉक्टर विचारतील. कधी पोटात घ्यायचं फ्लुकोनॅझोल लागतं, पण ते वजनावर मोजून डॉक्टरच देतात, आम्ही काउंटरवर देत नाही, आग्रह करू नका.

आणि यातलं काही दिसलं तर वाट बघू नका: बाळ दूध घ्यायलाच तयार नाही, दिवसात सहापेक्षा कमी वेळा लंगोट ओला होतोय, सुस्त पडलंय, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप १००.४ च्या वर गेलाय. रात्र असली तरी जवळच्या बालरोग दवाखान्यात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात न्या, औषधाची बाटली आणि चिठ्ठी सोबत घ्या, शेवटचा डोस किती वाजता दिला ते सांगा.